हिशेबाची बाकी

“ही बाई कोण म्हणायची?” बाबांनी मागून विचारलं.

पडद्यावर बाई नव्हतीच. कैरोतलं एक कापडाचं दुकान, लाकडी फळ्यांवर रचलेले तागे, गल्ल्यामागं बसलेला म्हातारा मालक आणि समोर स्टुलावर एक जाड मिशांचा पाहुणा. दोघांच्या मध्ये चहाचे दोन ग्लास. मालकाचा भाऊ चार दिवसांपूर्वी वारला आहे आणि पाहुणा भेटायला आलाय. मी एक वाक्य दहाव्यांदा मागे-पुढे करून ऐकत होतो. पाहुणा म्हणतो, “वेल-बा'ई?” बाबांनी तेवढंच ऐकलं होतं.

कैरोच्या बोलीत ‘क’चा एक प्रकार, घशातून काढायचा तो, बहुतेक शब्दांत गिळून टाकतात. त्याच्या जागी श्वास क्षणभर अडतो आणि सुटतो. ‘बाकी’तला क असा अडकला की कानावर पडतं ते ‘बा'ई’. मी म्हणालो, “बाबा, बाकी म्हणतोय तो.”

“आपली बाकी?”

“आपलीच.”

बाबा रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. तीसेक वर्षं खतावणी लिहिली. त्यांनी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला. म्हणजे आता ते बसणार.

माझं काम असं, की अरबी सिनेमातले संवाद ऐकायचे आणि त्यांची इंग्रजी सबटायटल्स लिहायची. राहतो वडगावात, बेळगावच्या दक्षिणेला, आजूबाजूला यंत्रमागांची खटखट. कानावर मोठे हेडफोन चढवल्याशिवाय संवाद सुटे होत नाहीत, आणि चढवले तरी गल्लीतला माग एखाद्या तबलजीसारखा मागे वाजत राहतो. अरबी मी पुस्तकातून शिकलो नाही. कुवेतमध्ये नऊ वर्षं एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. खात्यात निम्मे इजिप्तचे. कानानं उचलली ती त्यांची बोली, बातम्यांमधली भारदस्त अरबी नव्हे. त्या भारदस्त अरबीत आजही माझी दांडी उडते. पण सिनेमात माणसं भारदस्त अरबी बोलत नाहीत. ती कैरोच्या बोलीत भांडतात, आणि तिथं माझं बरं चालतं.

या सिनेमाचं नाव करारामुळं सांगता येत नाही. नाव नसलं तरी त्यातला एक प्रसंग सांगतो. साडेअकरा सेकंदांचा आहे. त्याला माझे दोन दिवस गेले.

पाहुणा आल्या-आल्या म्हणतो, “एल-बा'एय्या फी हयातक.” इजिप्तमध्ये कुणी गेलं की घरच्यांना हे म्हणायचं असतं. शब्दशः अर्थ असा: बाकी राहिलेलं तुमच्या आयुष्यात. गेलेल्या माणसाच्या वाट्याचं जे जगायचं राहिलं, ते तुमच्या खात्यात जमा होवो. यावर ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं, “हयातक एल-बा'या.” म्हणजे बाकी राहो ते तुमचंच आयुष्य. तेच दोन शब्द उलटे करून परत द्यायचे. मग पाहुणा पुटपुटतो, अहो कालपरवापर्यंत आम्ही बरोबर होतो. चहाचा एक घोट. ग्लास खाली ठेवला जातो. आणि मग येतं ते “वेल-बा'ई?” आणि बाकी?

मालक विचारतो, “बा'ई एह?” कसली बाकी?

“बा'ई एल-हिसाब.”

हिशेबाची बाकी. दोन्ही शब्द आपल्या वहीत आहेत, अरबीतून फारसीच्या वाटेनं आलेले. मराठीत सबटायटल करायचं असतं तर मी पाच मिनिटांत उठलो असतो. सांत्वन करता-करता माणसानं तोच शब्द फिरवला आणि त्याची वसुली केली. सगळा प्रसंग या एका शब्दाच्या पायावर उभा आहे. तो शब्द इंग्रजीत उभा करायचा, आणि तो किती जागेत, ते आता सांगतो.

सबटायटलला दोन ओळी मिळतात. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, मोकळी जागा आणि विरामचिन्हं धरून. हे झालं जागेचं. खरी मारामारी वेळेची. वाचणाऱ्यानं दर सेकंदाला किती अक्षरं वाचावीत याची मर्यादा असते. हे काम देणाऱ्यांनी ती १७ ठरवून दिली होती. कुणी २० चालवून घेतात. जुन्या टीव्हीच्या रिवाजात ती बाराच्या आसपास असायची, तेव्हाच्या आखूड दोन भरलेल्या ओळींना सहा सेकंद. मला बाराच आवडते, कारण माणूस सिनेमा बघायला आलेला असतो, खालची पट्टी वाचायला नव्हे. पण बारा आता कुणी देत नाही. शिवाय एक सबटायटल पडद्यावर कमीत कमी २० फ्रेम राहायला हवं. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे एका सेकंदाहून थोडं कमी. दोन सबटायटल्समध्ये किमान दोन फ्रेमची फट हवी. फट नसली तर मजकूर बदललाय हेच डोळ्याला कळत नाही.

माझा पहिला खर्डा असा होता:

```
412
00:31:07,250 --> 00:31:09,000
May the rest of his years
be added to yours, Hagg.
```

शेवटचा शब्द म्हणजे हाजी. कैरोत ‘ज’चा ‘ग’ होतो. मराठी लिपीत तसा लिहून बघितला आणि लगेच खोडला, म्हणून इथं हाजीच म्हणतो. आता मोजा. ४९ अक्षरं. पाहुणा हे वाक्य म्हणतो पावणेदोन सेकंदांत. पावणेदोन गुणिले सतरा, मिळतात २९ अक्षरं. म्हणजे माझ्या खर्ड्याचा वेग सेकंदाला २८ अक्षरांवर गेला होता. सॉफ्टवेअरमध्ये ओळ लालभडक होते. अर्थ मात्र अगदी बरोबर होता. या धंद्यात असं सारखं होतं, अर्थ बरोबर आणि ओळ लाल.

अरबी ही अशी अडचण दोन्ही बाजूंनी करते. एकीकडं तिचं क्रियापद म्हणजे गच्च भरलेलं गाठोडं. “मा'उल्तिलक्श” हा एक शब्द, चार अवयवांचा. त्यात मी, तू, सांगणं आणि नकार हे सगळं आलं. इंग्रजीला त्याचे चार शब्द आणि अठरा अक्षरं लागतात. दुसरीकडं हे आशीर्वादाचे, सांत्वनाचे, नमस्काराचे ठरीव बोल. ते बोलणाऱ्याच्या तोंडून घासून गुळगुळीत झालेले असतात, सेकंदा-दीडसेकंदात निसटतात. उलगडून लिहायला बसलं की मात्र अभंगाएवढे होतात.

सोपी वाट सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्याच्या तोंडी ‘माय कन्डोलन्सेस’ घालायचं, मालकाच्या तोंडी ‘थँक यू’. पहिलं वाक्य हाजीसकट २१ अक्षरांत बसतं. ओळ हिरवी होते. बहुतेक जण इथंच पुढं सरकतात आणि मी त्यांना दोष देत नाही. एका सिनेमात हजार-बाराशे सबटायटल्स असतात आणि पैसे मिनिटांवर मिळतात, विचारावर नाही.

पण त्या ‘थँक यू’पाशी मी अडलो, त्याला कारण आहे.

कुवेतमध्ये असताना माझी आई गेली. फोन पहाटे आला. सुट्टीचा कागद मंजूर होईपर्यंत दुपार होणार होती, म्हणून मी आपला ऑफिसात जाऊन बसलो. आमचा इजिप्शियन मोठा हिशेबनीस, वयानं वडलांएवढा, उठून माझ्या टेबलापाशी आला. दोन्ही हातांत माझा हात धरला आणि म्हणाला, “एल-बा'एय्या फी हयातक.” मी म्हणालो, “शुक्रन.” धन्यवाद.

खोलीतले चार-पाच जण आपापल्या कागदांत बघायला लागले. काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते नाही. हात न सोडता तो हळूच म्हणाला, असं नसतं म्हणायचं बेटा. म्हण, हयातक एल-बा'या. मी म्हटलं. मग त्यानं हात सोडला. त्यानं मला आईच्या वाट्याचं उरलेलं आयुष्य देऊ केलं होतं आणि मी चहा दिल्यासारखे आभार मानले होते. ते द्यायचं असतं आणि घेणाऱ्यानं ताबडतोब परत करायचं असतं. त्या देवघेवीतच ते सांत्वन असतं.

आपल्याकडं असा ठरीव बोल नाही. आपण जातो, बसतो, सतरंजीचे दोरे ओढतो. फार तर “कसं झालं हो एकाएकी?” असं विचारतो. त्यामुळं मराठी माणसाला हे कळायला वेळ लागतो. मला लागला. म्हणून मालकाच्या तोंडी ‘थँक यू’ लिहिताना मला ती खोली दिसते.

तर आता दोन गोष्टी हव्या होत्या. सांत्वनाच्या वाक्यात एक असा शब्द, जो पुढं पैशाच्या वाक्यात जसाच्या तसा परत येईल. आणि मालकाचं उत्तर असं, की ते वाक्य परत केल्यासारखं वाटेल. आणि हे सगळं अनुक्रमे २९ आणि १५ अक्षरांत, कारण मालकाच्या उत्तराला सेकंदाहूनही कमी वेळ आहे.

पहिला दिवस ‘बॅलन्स’ आणि ‘रिमेन’मध्ये गेला. ‘बॅलन्स’ हिशेबात बसतो, मयतीत नाही. ‘रिमेन’नं आशा दाखवली. पण इंग्रजीत ‘रिमेन्स’ म्हणजे मृतदेहही होतो, आणि पाहुणा भावाचा मृतदेह मागायला आलाय असं वाटू लागलं. बाबांना सांगितलं तर ते मनापासून हसले. आमच्या घरात काळे विनोद चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खर्ड्यातलाच शब्द डोळ्यांत भरला. ‘रेस्ट’. मी तो ‘उरलेलं’ या अर्थानं लिहिला होता. इंग्रजीत मेलेल्या माणसालाही ‘रेस्ट’च मिळते, विसावा या अर्थानं. दोन वेगळ्या कुळांतले शब्द, दिसायला जुळे. इंग्रजी मयतीत तो आपोआप येतो आणि हिशेबातही आपोआप येतो. शोधत होतो तो शब्द हाताशीच पडला होता, मी त्याला नको त्या जागी उभा केला होता.

```
412
00:31:07,250 --> 00:31:09,000
God rest him, Hagg.

413
00:31:09,083 --> 00:31:10,000
And keep you.
```

पहिलं १९ अक्षरांचं, दुसरं १३ अक्षरांचं. दोन्ही हिरवी. दुसऱ्या ओळीत देवाचं नाव पुन्हा लिहिलेलं नाही. मालकाचं वाक्य पाहुण्याच्या वाक्याला लटकलेलं आहे, कर्ता त्याचाच वापरतं. त्याला विसावा देवो, आणि तुला राखो. अरबीत जसं तेच शब्द उलटून परत करतात, तसं इथं अर्धं वाक्य उसनं घेऊन परत केलंय. वाचणाऱ्याला हे जाणवणार नाही. जाणवायची गरजही नाही. त्याला एवढंच वाटावं, की हे दोघं एक ठरलेली रीत पाळतायत.

यात बुडीतही गेलं आहे, ते लपवत नाही. अरबीत शुभेच्छा जिवंत माणसाला होती, माझ्या इंग्रजीत ती मेलेल्याला गेली. आयुष्य खात्यावर जमा करण्याची जी अचाट कल्पना आहे, ती पार गेली. आणि ती हिशेबाचीच कल्पना होती, म्हणून जास्त हळहळ. पण ती ठेवायची तर ४९ अक्षरं लागतात, आणि ४९ अक्षरं वाचेपर्यंत मालकाचं उत्तर होऊन गेलेलं असतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत मग पाहुण्याचं वाक्य मालकाच्या तोंडावर येऊन पडतं. त्यापेक्षा हे बरं.

पुढचं पुटपुटणं सोपं. “वल्लाही, लिस्सा एम्बारेह कुन्ना सवा.” देवाशपथ, अजून काल आम्ही बरोबर होतो. शपथ काढली, बाकीचं ठेवलं:

```
414
00:31:10,083 --> 00:31:12,000
We were together just yesterday.
```

३२ अक्षरं, वेग १७च्या जेमतेम आत. सुरुवातीला शपथ घातली तर आठ अक्षरं वाढतात आणि ओळ लाल. पण जागा असती तरी मी ती काढलीच असती. इजिप्तमध्ये ‘वल्लाही’ पानात मीठ वाढावं तसं येतं, आपल्याकडच्या ‘आईशप्पथ’सारखं. इंग्रजीत मात्र माणूस शपथ घेऊ लागला की ऐकणारा संशय घेतो. या पाहुण्यावर संशय यायचाय खरा, पण तो साडेचार सेकंदांनी. आधी नाही.

आणि या ‘आधी नाही’वरून मोठी अडचण झाली.

“वेल-बा'ई?” म्हणायला पाहुण्याला चौदा फ्रेम लागतात, अर्ध्या सेकंदापेक्षा जरा जास्त. सबटायटल मात्र वीस फ्रेमपेक्षा कमी ठेवता येत नाही. असं बारकं वाक्य आलं की रिवाज असा, की ते शेजारच्या वाक्याला जोडून दोन ओळींचं एक सबटायटल करायचं. इथं तसं केलं असतं तर ‘कालच बरोबर होतो’ आणि ‘आणि बाकी?’ हे एकदमच पडद्यावर आले असते. पाहुण्यानं ग्लास खाली ठेवायच्या आतच बघणाऱ्यानं बाकी वाचली असती. नटानं त्या ग्लासात अडीच सेकंद घालवले आहेत. ती शांतता त्याची कमाई आहे. सबटायटल लिहिणाऱ्यानं ती खर्च करायची नसते. विनोद, धमकी, मागणी, यातलं काहीही नटाच्या तोंडाआधी वाचून झालं तर ओळ हिरवी असून फुकट.

म्हणून ते एकटंच ठेवलं. ओठ हलतील त्याच फ्रेमला सुरू. मग लागला कट. वाक्य सुरू झाल्यापासून सोळाव्या फ्रेमला कॅमेरा पाहुण्यावरून मालकाच्या चेहऱ्यावर जातो. वीस फ्रेम ठेवलं तर सबटायटल कटच्या पलीकडं चार फ्रेम लोंबकळतं. हे सगळ्यात वाईट. चित्र बदललं की डोळा आपोआप खाली जातो, नवीन काही आलंय का बघायला. तिथं जुनंच दिसतं, आणि तेही लगेच नाहीसं होतं. बघणाऱ्याला नुसतं काहीतरी लुकलुकल्यासारखं होतं, का ते कळत नाही. म्हणून नियम असा, की सबटायटल कटच्या अलीकडं दोन फ्रेम संपवा, नाहीतर ओलांडायचंच असेल तर निदान अर्धा सेकंद, म्हणजे बारा फ्रेम, पलीकडं थांबू द्या. अलीकडं संपवलं तर माझ्याकडं चौदाच फ्रेम उरतात. ते नियमात बसत नाही. तेव्हा ओलांडलं:

```
415
00:31:14,500 --> 00:31:15,667
And the rest?
```

एकूण अठ्ठावीस फ्रेम. त्यातल्या सोळा विचारणाऱ्याच्या तोंडावर आणि बारा ज्याला विचारलं त्याच्या. हे मी नियमापायी केलं, कलेपायी नाही, पण चालवून बघितलं तर प्रश्न मालकाच्या चेहऱ्याखाली अर्धा सेकंद तसाच पडून राहतो. मालकाची पापणी तेवढ्यात एकदा हलते. इतक्या वेळा बघूनही मला ती पापणी तोवर दिसली नव्हती.

पुढची दोन वाक्यं मग उताराला लागलेल्या गाडीसारखी आली. “द रेस्ट ऑफ व्हॉट?” “ऑफ व्हॉट ही ओड.” कसली बाकी, त्याच्या देण्याची.

हाजी हा शब्द मी का ठेवला, ते राहिलं. पाच-सहा अक्षरं खातो आणि नसता तरी चाललं असतं असं कुणालाही वाटेल. या दुकानात पाहुणा आत्ता मालकाला ‘हद्रितक’ म्हणतो, म्हणजे ‘आपण’. आपल्या ‘हजरत’च्या घराण्यातला शब्द. वीस मिनिटांनी हेच दोघं भांडतात आणि ‘हद्रितक’चं ‘इन्ता’ होतं, ‘तू’. मराठी माणसाला ‘आपण’वरून ‘तू’वर घसरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. तिथं काय घसरणार? अपमान झाल्याचं बघणाऱ्याला कळायचं तर आधी कुठंतरी मान दिलेला दिसायला हवा. म्हणून सुरुवातीच्या प्रसंगांत मी हाजी पेरत गेलो. पाहुण्यानं तो जिथं म्हटलाय तिथंच, पण तिथं मात्र जागेसाठी कधी कापला नाही. भांडणाच्या प्रसंगात तो नुसतं मालकाचं नाव घेतो. हाजी गेला आणि नाव आलं. तेवढ्यानं काम होतं.

याबाबतीत मी एकदा सपशेल तोंडावर आपटलो होतो, म्हणून आता सावध असतो. सुरुवातीच्या एका कामात दोन तरुण मित्र एकमेकांना सारखं ‘या अम्म’ म्हणत होते. अम्म म्हणजे काका. मी काका लिहून मोकळा. आपल्याकडं रिक्षावाल्यालाही काका म्हणतात, मला त्यात वावगं वाटलं नाही. तपासणाऱ्याची टीप आली, की हे दोघं नात्यातले आहेत का? कारण पुढं यातल्या एकाचा खरा काका येतोय. ‘या अम्म’ म्हणजे तिथं नुसतं ‘अरे यार’. अर्थ मला ठाऊक होता. दिवसातून चाळीसदा ऐकला होता. पण बोटांनी मराठीतून जाऊन इंग्रजी लिहिलं.

मराठीतून जाणं टळत नाहीच. खरं तर तिथूनच गेल्यामुळं बऱ्याचदा नेमकं सापडतं. आणि बेळगावात आणखी एक भाषा कानात असते. बाबांच्या दुकानात बैलहोंगलकडची माणसं येत. ती विचारायची, “बाकी एष्ट ऐत्री?” बाकी किती आहे हो? कानडीतही बाकीच. वहीच्या त्या रकान्यावरून या जिल्ह्यात कुणाचं कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. पण मला हेवा वाटतो तो शेवटच्या ‘री’चा. बर्री, हेळ्री, कुंद्री. एका अवयवात अख्खा ‘अहो’. इंग्रजीत असा ‘री’ असता तर मला हाजीची अक्षरं वाचवता आली असती आणि मी रात्री अकरा वाजता झोपलो असतो.

फाइल पाठवली. चार दिवसांनी तपासून परत आली. नऊशेपैकी तिसेक ठिकाणी खुणा, बहुतेक रास्त. आणि ४१३ नंबरला ‘अँड कीप यू’ खोडून तिथं ‘थँक यू’. शेजारी टीप, की हे जास्त सहज आहे. सहज आहेच. अक्षरंही तीन कमी. मी उत्तरात वाद घातला नाही. अरबी वाक्याचा शब्दशः अर्थ लिहिला, त्याचं उत्तर देण्याची रीत लिहिली, आणि आभार मानले तर काय होतं ते एका ओळीत लिहिलं. आईचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी खूण निघाली. ४१५चा ‘रेस्ट’ मात्र त्यांनी न सांगता ठेवला होता. टीपसुद्धा नव्हती. वाचणाऱ्याला तो शब्द दिसलाच नसेल, किंवा दिसून आवडला असेल.

शेवटची तपासणी माझी बाबांवर होते. त्यांना इंग्रजी येतं, पण ते ओठ हलवत, सावकाश वाचतात. अरबी शून्य. त्यांच्या ओठांकडं बघत बसलं की सॉफ्टवेअर सांगत नाही ते कळतं. ओठ हलत असताना सबटायटल गेलं तर ते माझ्याकडं बघतात, तिकिटाचे सुटे पैसे न दिलेल्या कंडक्टरकडं बघावं तसे. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस होता, माग बंद होते, वीज जाऊन आली होती. मी आवाज मुद्दाम बारीक ठेवला, तिसाव्या मिनिटापासून लावलं.

पाहुणा बसला. देव त्याला विसावा देवो. बाबांचे ओठ हलले आणि थांबले, वेळेत. आणि तुला राखो. थांबले. कालच बरोबर होतो. इथं शेवटचा शब्द जेमतेम पुरा झाला. ग्लास खाली आला. बाबा ग्लासाकडं बघत होते, खाली नाही.

मग ४१५. मालकाचा चेहरा आला तरी ते तसेच बघत राहिले. मी चित्र थांबवलं.

“तेरावा व्हायच्या आत मागूलालाय,” बाबा म्हणाले. “आमच्या दुकानात असं कधी केलं नाही कुणी. माणूस चांगला नाही हा.”

“कळलं ना?”

“न कळायला काय झालं. किती होती बाकी?”

मी म्हणालो, ते सिनेमात शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

“आकडा नाही?” बाबांनी चष्मा काढला. “मग मागूलालाय कशाच्या जोरावर? वही तरी दाखवायला पाहिजे की त्यानं.” आणि पाण्याची मोटर लावायला उठून गेले.